हिरव्या चौकोनांतली झोप

आमचे हे जहाजावर फिटर आहेत असं सांगितलं की लोकांना वाटतं, आमच्या घरात पैशांचा नळ आहे आणि आम्हीच तो मुद्दाम घट्ट बंद करून ठेवलाय. भाजीवाली मला सुटे पैसे परत देताना कुरकुरते. शेजारीण म्हणते, "तुम्हाला काय बाई, डॉलरमध्ये!" पगार डॉलरमध्ये येतो हे खरं, पण येतो तो तुकड्या-तुकड्यांत. आणि ते तुकडे कसे असतात हे समजून घ्यायची कुणाची तयारी नसते. माझ्या घरातल्यांची तर मुळीच नाही.

यांच्या करारात पगाराचे तीन भाग होते. मूळ पगार आठशे बत्तीस. त्यावर ठरावीक ओव्हरटाइम, महिन्याला एकशे तीन तासांचा, तासाला पाच डॉलर, म्हणजे पाचशे पंधरा. हा ओव्हरटाइम केला तरी मिळतो आणि नाही केला तरी मिळतो. नाही केला असा महिना मात्र लग्नाच्या अकरा वर्षांत मी ऐकला नाही. तिसरा भाग रजेच्या पगाराचा. जहाजावर काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे अडीचशे बाजूला पडतात आणि करार संपून माणूस घरी आला की ते एकदम हातात येतात. पहिले दोन भाग दर महिन्याला घरी यायचे आणि आल्या पावली जायचे. तिसरा साठायचा.

या तिसऱ्या भागावर आमच्या घरात सगळ्यांचा डोळा. सासूबाईंची समजूत अशी, की रजेचा पगार म्हणजे मुलगा घरी लोळत असताना कंपनी दर महिन्याला पाठवते तो पगार. मी तीनदा समजावलं, की अहो, तो आधीच कमावलेला असतो, एकदाच मिळतो आणि मग घरी बसल्यावर एक पैसा येत नाही. त्या म्हणाल्या, "मग त्याला रजेचा पगार कशाला म्हणतात?" धाकटे भावजी तर त्याहून पुढचे. त्यांनी तीनही भागांची बेरीज केली, बारांनी गुणली आणि त्या आकड्यावर मोटरसायकल पसंत करून आले. वर्षातले किती महिने माणूस जहाजावर आणि किती महिने जमिनीवर, हा फालतू तपशील त्यांनी सोडून दिला. सासूबाईंनी सोफा बघून ठेवला होता. बाजारात तुरी म्हणतात ना, तशी आमच्या घरात रोज मारामारी.

माझी मागणी एकच होती आणि ती माझ्या पोटातच होती. पित्ताशयात खडे झाले होते. दोन वर्षं जेवण झालं की उजव्या बाजूला असं काही धरायचं, की मी स्वयंपाकघराची कडी लावून जमिनीवर बसायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. पहिल्यांदा पुढे ढकललं, कारण हे जहाजावर होते. दुसऱ्यांदाही तेच कारण. तिसऱ्यांदा डॉक्टरच चिडले. म्हणाले, "बाई, खडे तुमच्या नवऱ्याची वाट बघत थांबणार नाहीत." हे घरी परतल्यावर सव्विसाव्या दिवशीची तारीख मी घेऊन ठेवली. खाजगी दवाखाना, स्वच्छ खोली, खर्च साधारण बाराशे डॉलरचा. आणि हे उशाशी. खरं सांगायचं तर मला खोलीपेक्षा हे उशाशी हवे होते. ऑपरेशनची मला भीती वाटत होती, आणि घरात कुणाला ती सांगायची सोय नव्हती.

हे बाराशे डॉलर कुठून येणार हेही ठरलेलं होतं. जहाजाचा मोठा जनरेटर मध्येच मेला होता. सुटा भाग पुढच्या बंदरात मिळणार, तोवर जुन्याच भागावर वेल्डिंग कर, घास, बसव, पुन्हा फुटला की पुन्हा कर. असे तीन महिने गेले. यांनी कधी सोळा तास काम केलं, कधी अठरा. ठरावीक एकशे तीन तास संपल्यावरचे जे जादा तास, त्यांचा वेगळा तक्ता चीफ इंजिनियरनं सही करून ऑफिसला पाठवला होता. दोनशे चाळीस तास, पाचच्या दराने बाराशे. हिशेब कुणीही करावा इतका सोपा.

हे घरी आले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. मी का गेले? कारण आमच्या यांना "हो" म्हणायची सवय आहे. समोर कागद आला की यांचा हात खिशातल्या पेनाकडे जातो. लोखंडाशी झुंजणारा माणूस साध्या कारकुनापुढे लोण्यासारखा होतो, हे मी लग्नापासून बघत आलेय.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दहा-बारा जण बसलेले. काही जहाजावरून उतरलेले, काही चढायला आलेले. उतरलेले गप्प होते आणि चढणारे हसत होते, त्यावरून ओळखू येत होते. भिंतीवर पांढऱ्याशुभ्र जहाजाचं मोठं चित्र होतं. त्यावर एकही माणूस दिसत नव्हता.

आत हिशेबाच्या टेबलावरची मुलगी चुणचुणीत होती. तिनं जहाजावरचे दिवस मोजले. चढल्या तारखेपासून उतरल्या तारखेपर्यंत तिचे आले दोनशे चौऱ्याऐंशी. हे हळूच म्हणाले, "उतरलो तो दिवस धरला नाही का?" ती पुन्हा मोजायला लागली, तोच शेजारच्या काचेच्या खोलीतून साहेब बाहेर आले.

"धरा, धरा," साहेब उदारपणे म्हणाले, "एका दिवसानं काय आपण भिकेला लागतो?"

करारात उतरल्याचा दिवस धरायचा असं छापलेलंच होतं. पण साहेबांनी तो असा दिला, की आमच्या यांनी "थँक्यू" म्हटलं.

दोनशे पंच्याऐंशी दिवस म्हणजे साडेनऊ महिने. नऊ महिन्यांचा करार, पण बदलीचा माणूस वेळेवर आला नाही म्हणून वरचे पंधरा दिवस. साडेनऊ महिन्यांचा रजेचा पगार दोन हजार तीनशे पंच्याहत्तर. शेवटच्या पंधरा दिवसांचा मूळ पगार आणि ठरावीक ओव्हरटाइम अजून यायचा होता, तो सहाशे साडेत्र्याहत्तर. एकूण तीन हजार अठ्ठेचाळीस आणि वर पन्नास सेंट. मुलीनं कागद छापला आणि सहीसाठी पुढे सरकवला. हे पेन काढायला लागले. मी यांच्या कोपराला हात लावला.

"आणि जादा ओव्हरटाइम?" मी विचारलं.

मुलीनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आम्हाला काचेच्या खोलीत बोलावलं, बसवलं, पाणी मागवलं. पाणी मागवलं तेव्हाच मी ओळखलं, की आता तोंडाला पानं पुसली जाणार.

"वहिनी," साहेब म्हणाले. मी त्यांची कुठून वहिनी झाले देव जाणे. "फिटरचं काम उत्तमच. आम्हाला अभिमान आहे. पण तुम्ही म्हणता ते तास नोंदीत बसत नाहीत."

"चीफ इंजिनियरची सही आहे की तक्त्यावर," हे म्हणाले.

"आहे ना. पण याच्यावरही आहे." साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. महिन्याच्या तारखा आणि शेजारी चौकोनच चौकोन. सगळे हिरवेगार. बागेत आल्यासारखं वाटलं. "ही विश्रांतीची नोंद. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आठवड्यात सत्त्याहत्तर. कमी पडली की चौकोन लाल होतो. बघा, एक तरी लाल आहे का? तुमचे मिस्टर रोज साडेदहा तास काम करून व्यवस्थित झोपलेत. आणि खाली सही कोणाची?"

सही यांचीच होती. मी वळून पाहिलं तर हे बुटांकडे बघत होते.

घरी मला यांनी सांगितलेलं नव्हतं ते तिथं कळलं. महिनाअखेरीला सेकंड इंजिनियर सगळ्यांची नोंद स्वतःच भरायचा. खरे तास टाकले की चौकोन लाल व्हायचे, लाल झाले की ऑफिसातून फोन यायचा, की असं कसं झालं, कारण लिहून पाठवा. मग तो बिचारा पुन्हा बसून सगळे हिरवे करायचा आणि ज्याचे त्याला सहीला द्यायचा. यांनी सही केली. सगळेच करतात. ज्या दिवशी हे वेल्डिंगच्या ठिणग्यांत डोळे फोडून घेत होते, त्या दिवशी नोंदीत हे गाढ झोपले होते.

माझं डोकं फिरलं.

"साहेब, मग जनरेटर दुरुस्त कोणी केला? यांनी झोपेत केला?"

"वहिनी, ते तसं नसतं. टेक्निकल आहे."

"टेक्निकल कसलं? जनरेटर चालू झाला हे जहाजाच्या मालकाला कळवलंत ना? तेव्हा तास मोजलेत. तपासनीस आला की हिरवे चौकोन दाखवता, तेव्हा झोप मोजता. हे दोन कागद कधी एका टेबलावर भेटतच नाहीत वाटतं!"

साहेबांचा आवाज आणखी गोड झाला. "भेटले तर कसं होईल सांगतो. मी जादा तासांचे पैसे दिले, म्हणजे विश्रांतीची नोंद खोटी आहे असं मीच लिहून दिलं. तपासणीत जहाज अडकेल. कॅप्टन, चीफ, सेकंड, सगळे अडकतील. आणि खोटी नोंद म्हटली की सही करणारा सुटत नाही, वहिनी. सही यांचीच आहे."

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही खणायला फावडं आमच्याच हातात दिलेलं. मला त्या माणसाचा राग आला आणि त्याहून यांच्या त्या सहीचा आला. पण यांच्याकडे बघितलं तर कान लाल झालेले. शाळेत उभं केल्यासारखे बसले होते. मग माझा राग रागच राहिला नाही.

"पण मी काही दगड नाही," साहेब म्हणाले. "मार्ग काढू. होल्ड म्हणजे माल भरायचं कोठार, त्याच्या साफसफाईचं बक्षीस असतं, त्या नावाखाली बाराशे टाकतो. तेवढेच. एक सेंट कमी नाही."

"मी होल्डमध्ये गेलोच नाही कधी," हे म्हणाले. "मी इंजिन रूमचा."

"कोण बघतंय? कागदावर तुम्ही झोपलात तसे कागदावर झाडून या." साहेब स्वतःच हसले. "फक्त एक करायचं. एका जहाजाला फिटर हवाय. आजपासून अठराव्या दिवशी चढायचं."

"यांची रजा आहे," मी म्हटलं. "महिन्यामागे नऊ, अशी पंच्याऐंशी दिवसांची."

"रजा नाही वहिनी, रजेचा पगार. तो पूर्ण देतोय. दिवस देण्याबद्दल करारात काही नाही."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं, घ्यावेत. बाराशे डॉलर म्हणजे तो दवाखाना, ती खोली, पांढरी चादर. पैसे हातात येतील आणि नवरा जहाजावर जाईल. किंवा नवरा उशाशी राहील आणि उशी कुठल्या पलंगावर ते ठाऊक नाही. सासूबाई येतील की सोबतीला. अर्धा दिवस बसतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगतील, की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी मनातल्या मनात इतक्या भराभर हिशेब करत होते, की साहेब आणि मी एकाच शाळेत शिकलो असू असं कुणालाही वाटलं असतं.

यांनी पेन काढलं होतं. मी कोपराला हात लावला नाही. हे मला नंतर खूप लागलं.

"तुझी तारीख कधीची?" यांनी मला विचारलं.

"तुम्ही आल्यापासून सव्विसाव्या दिवशी."

यांनी साहेबांकडे मान वळवली. मग म्हणाले, "साहेब, पैसे द्या. पण नाव ओव्हरटाइमचं लिहा."

"तेच तर जमत नाही ना!"

"मग राहू द्या."

यांनी तीन हजार अठ्ठेचाळीसचा कागद ओढला आणि सहीच्या जागेवर, सहीच्या आधी, आपल्या ठोकळेबाज अक्षरात लिहायला घेतलं. मी मान लांब करून वाचलं. 'दोनशे चाळीस तासांचा जादा ओव्हरटाइम मिळालेला नाही. तो मागायचा हक्क राखून ही सही.' आणि खाली सही. त्यातला 'हक्क' जरा वाकडा आला.

"हे काय केलंत?" साहेब उभेच राहिले. त्यांचा गोडवा एकदम विरघळला. "हा कागद मालकाकडे जातो!"

"जाऊ द्या."

"असं लिहिलेल्या कागदावर मी पैसे कसे सोडू?"

"सोडावे लागतात साहेब," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, पण वाक्य पूर्ण केलं. "मिळालेलं घ्यायचं आणि न मिळालेलं लिहायचं, असं आमच्या जुन्या बोसननं, खलाशांच्या मुकादमानं, सांगितलं होतं. मला एकदाही जमलं नव्हतं. रजेचा पगार आणि पंधरा दिवस करारातले आहेत. करार संपला की ते अडवता येत नाहीत."

साहेबांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. कुणाशी तरी पलीकडे तोंड करून बोलले. पुन्हा बोलावणं यायला वेळ लागेल, ध्यानात ठेवा, असं आम्हाला जाता जाता सुनावलं. मग हिशेबाच्या मुलीनं मान खाली घालून शिक्का मारला. शिक्का मारताना ती हसत होती, असं मला वाटलं. यांना विचारलं तर म्हणाले, मी बघितलंच नाही, मी शिक्का बघत होतो.

जिना उतरताना हे म्हणाले, "बाराशे गेले."

"गेले तर गेले. पण तुम्ही कुठे गेला नाहीत," मी म्हटलं आणि रस्त्यावरच रडले. लोकांना वाटलं असेल भांडण झालंय.

घरी मात्र खरं भांडण झालं. खाजगी दवाखाना रद्द, ऑपरेशन मोठ्या सरकारी रुग्णालयात, त्याच आठवड्यात नाव लागलं. तिथला खर्च, घरातलं चार महिन्यांचं थकलेलं आणि पुढचं बोलावणं येईपर्यंतचं पोट, सगळं रजेच्या पगारातून. मोटरसायकल गेली आणि सोफाही गेला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "एक सही सरळ करता येऊ नये माझ्या मुलाला? होल्ड झाडला म्हटलं असतं तर काय हात झिजले असते?" भावजी म्हणाले, की तत्त्वं परवडायला आधी पगार मोठा लागतो. ते स्वतः आजवर एकाही पगारावर तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेले नाहीत, त्यामुळे त्यांचा अभ्यास दांडगा.

हे जाऊन आडवे झाले. दिवसभर झोपत होते. खरीखुरी झोप, तोंड उघडं टाकून, ऊन अंगावर आलं तरी न हलणारी. मी पडदा ओढून घ्यायची आणि सासूबाईंना म्हणायची, "राहू द्या. मागची बाकी फेडताहेत."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डमध्ये चाळीस खाटा होत्या आणि नर्स दोन. माझ्या खाटेपाशी नर्स आली ती चालताचालताच. नातेवाइकाच्या सहीचा कागद यांच्या हातात दिला. "खाली सही करा, पटकन. वर सगळं भरलंय."

हे सही करतील म्हणून तिनं हातही पुढे धरला होता. हे वाचायला लागले, बोट ठेवून एकेक ओळ. नर्सनं घड्याळ पाहिलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, "तुझा नवरा वकील आहे का गं?"

"हे बघा," हे नर्सला म्हणाले. "इथं लिहिलंय, सध्या वेदना नाही. हे कोणी लिहिलं?"

"अहो, ते सगळ्यांचं तसंच भरतो. वेळ कुठे असतो? सकाळपासून चाळीस जणांचं करायचंय. सही करा."

"नाही," हे म्हणाले. रागानं नाही. तिची अडचण यांना पुरती कळत होती, ते आवाजातच होतं. "तिला विचारा आधी. मग लिहा. मग मी सही करतो."

नर्सनं सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळली. "दुखतंय का?"

दोन वर्षं फोनवर यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि प्रत्येक वेळी मी नाही म्हटलं होतं. तिकडे समुद्रात माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून. आत्ताही जीभ सवयीनं नाहीकडेच निघाली होती. पण हे पेन हातात धरून माझ्याकडे बघत थांबले होते.

"दुखतंय," मी म्हटलं. "खूप दुखतंय. आणि मला भीती वाटतेय."

नर्सनं 'नाही' खोडलं आणि वर 'आहे' लिहिलं. हे खाली वाकले, ते नीट वाचलं आणि मग सही केली.